व्हायव्हा झाल्यावर गाईड आणि परीक्षकांना आभाराचं पत्र

प्रश्न: माझं एम.एस्सी. (कृषी), विषय मृदाविज्ञान. सोयाबीनला हेक्टरी ०, २०, ४० आणि ६० किलो गंधक देऊन प्रयोग केला. नत्र, स्फुरद आणि पालाशाची ५०:७५:४५ ही खतमात्रा सगळ्या प्लॉटना सारखी दिली. उत्पादनात लक्षणीय फरक आला नाही. व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलं, "स्फुरद कशातून दिलंत?" मी सिंगल सुपर फॉस्फेट म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, "मग शून्याच्या प्लॉटला खरंच शून्य गंधक गेलं का?" दुरुस्त्या होत आल्यात. आता गाईड सर, परीक्षक मॅडम आणि समितीतल्या सरांना आभाराचं पत्र लिहायचं आहे. सगळ्यांना एकच चालेल का? कधी पाठवू? भेटवस्तू द्यावी का? आणि त्या प्रश्नाचा उल्लेख करू की टाळू?

उत्तर:

उल्लेख कराच. परीक्षकांच्या पत्रात बाकी काही नसलं तरी चालेल, पण तो प्रश्न आणि त्यामुळे प्रबंधात नेमकं काय बदललं, हे असायला हवं. आणि पत्रं वेगवेगळी लिहा. गाईडचं, परीक्षकांचं आणि समितीचं काम तीन तऱ्हेचं असतं, त्यामुळे एकाच मजकुरात तिघांचे आभार मानले तर ते कोणाचेच नीट मानले जात नाहीत.

मी कृषी विद्यापीठात मृदाविज्ञान शिकवलं, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं आणि बाहेरचा परीक्षक म्हणून इतर ठिकाणीही गेलो. त्या अनुभवातली एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. बाहेरच्या परीक्षकाला दुरुस्त केलेला प्रबंध बहुतेक वेळा दिसतच नाही. तो तुम्ही सादर केलेली प्रत आठवडाभर बसून वाचतो, समासात खुणा करतो, व्हायव्हाच्या दिवशी प्रवास करून येतो, दोन तास बोलतो, अहवाल लिहितो, मंजुरीच्या पानावर सही करतो आणि निघून जातो. सुचवलेल्या दुरुस्त्या झाल्या की नाहीत हे पुढे तुमचे गाईड बघतात. परीक्षकापर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून "आपल्या बहुमूल्य सूचनांबद्दल आभारी आहे" एवढंच वाचायला मिळालं तर सूचना कामी आल्या की कागदावरच राहिल्या, हे त्याला कळायला मार्ग नसतो. आभाराचं पत्र ही त्याला कळवण्याची तुमच्याकडची एकमेव जागा आहे.

त्यामुळे आधी तो प्रश्न पुरता समजून घ्या. तो नीट समजला नसेल तर पत्र कितीही नम्र शब्दांत लिहिलं तरी पोकळ वाटेल.

सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असतं, शिवाय निदान ११ टक्के गंधक असतं. हेक्टरी ७५ किलो स्फुरद द्यायचं तर हे खत साधारण ४६९ किलो लागतं. त्याचे ११ टक्के म्हणजे ५१ किलोंच्या आसपास गंधक. हे सगळ्या प्लॉटना गेलं, तुमच्या शून्याच्या प्लॉटलाही. म्हणजे तुमच्या मात्रा ०, २०, ४०, ६० नव्हत्याच. त्या ढोबळमानाने ५१, ७१, ९१ आणि १११ होत्या. ज्या पिकाला जमिनीतलं गंधक सोडून ५१ किलो मिळालेच आहेत, त्याने आणखी २० किलोंना प्रतिसाद दिला नाही यात नवल नाही. फरक लक्षणीय न येण्यामागे तुमच्या निरीक्षणांची किंवा सांख्यिकीची चूक असेलच असं नाही. प्रयोगातला सगळ्यांत खालचा प्लॉटच गरजेच्या वर उभा होता.

याचा पुरावा तुमच्या स्वतःच्या तक्त्यात असण्याची शक्यता आहे. पेरणीपूर्वीचं उपलब्ध गंधक आणि कापणीनंतर शून्याच्या प्लॉटमधलं उपलब्ध गंधक हे दोन आकडे शेजारी मांडून बघा. शून्याच्या प्लॉटमध्येही कापणीनंतरचा आकडा वाढलेला असेल तर ते गंधक बाहेरून आलं हे तिथेच दिसतं. सुरुवातीचा आकडाही एकदा तपासा. उपलब्ध गंधक किलोभर मातीत १० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर जमीन कमतरतेची धरतात. तुमची जमीन आधीच त्याच्या वर असेल तर प्रतिसाद न मिळण्याचं ते दुसरं कारण ठरतं आणि चर्चेच्या प्रकरणात ते वेगळं लिहायला हवं. पत्रात यातलं काहीही घालण्याआधी मूळ नोंदवहीतून आकडा पडताळून घ्या.

आता निष्कर्षाचं बघू. सादर केलेल्या प्रतीत बहुधा असं वाक्य असेल: "या जमिनीत सोयाबीनने गंधकाला प्रतिसाद दिला नाही." हे वाक्य तुमच्या आकड्यांवरून काढता येत नाही. आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं की स्फुरदाची पूर्ण मात्रा सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिली असता वरून दिलेल्या गंधकामुळे उत्पादनात लक्षणीय वाढ झाली नाही. वाचायला दोन्ही जवळजवळ सारखी वाटतात, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांत फार अंतर आहे. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं, गंधक नसतं. डीएपी टाकणाऱ्या शेतकऱ्याने तुमचं पहिलं वाक्य वाचून गंधक बंद केलं तर त्याचं नुकसान होऊ शकतं. दुसरं वाक्य वाचलं तर सुपर फॉस्फेट वापरणाऱ्याचा वेगळं गंधक विकत घेण्याचा खर्च वाचतो आणि डीएपीवाला सावध होतो. प्रबंध पुढे कृषिकोश या कृषी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जातो, तो कुणीतरी विस्तार अधिकारी किंवा पुढच्या वर्षीचा विद्यार्थी उघडतो. तिथे कोणतं वाक्य असावं हे त्या एका प्रश्नाने ठरवलं. परीक्षक मॅडमचे आभार मानायचे ते यासाठी.

मग पत्र कधी पाठवायचं? सगळ्या दुरुस्त्या होऊन, गाईडनी त्या बघून, मंजुरीच्या पानावर सह्या झाल्यावर आणि परीक्षकांचा अहवाल विद्यापीठात पोहोचल्यावर. व्हायव्हाच्या संध्याकाळी दोन ओळींचा निरोप पाठवलात तर हरकत नाही: "मॅडम, आज आपण वेळ दिलात, मनापासून आभार. दुरुस्त्या पूर्ण झाल्या की कळवते." पण सविस्तर पत्र त्या संध्याकाळी नको. एक तर तोवर काहीच बदललेलं नसतं, त्यामुळे सांगायला आश्वासनांशिवाय काही नसतं. दुसरं म्हणजे अहवाल अजून त्यांच्या हातात असताना लांबलचक गौरवाचं पत्र गेलं तर त्यांना अवघडल्यासारखं होतं. मला परीक्षक म्हणून अशी पत्रं आली आहेत आणि मनात काही नसतानाही मी ती अहवाल रवाना होईपर्यंत बाजूला ठेवली आहेत. दुसरीकडे फार उशीरही नको. दोन-तीन महिने उलटले की परीक्षकाच्या डोक्यात तुमच्या प्रबंधाचे तपशील राहत नाहीत आणि त्यांना तुमचं पत्र समजायला आठवावं लागतं.

पाठवायचं ते ईमेलने. विषयाच्या ओळीत तुमचं नाव, पदवी आणि प्रबंधाचा विषय चार शब्दांत. संपूर्ण प्रबंध जोडू नका, ती मोठी फाइल त्यांना उघडायला लावणं योग्य नाही. बदललेली पानं तेवढी एकत्र करून जोडा. तुमच्या बाबतीत साहित्य आणि पद्धतीतलं एक पान, चर्चेतली दोन आणि सारांश व निष्कर्षाचं एक. गाईडना प्रत ठेवायची असेल तर आधी त्यांना मसुदा दाखवा. दुरुस्त्यांबद्दल तुम्ही परीक्षकांना जे लिहिताय ते गाईडना आयत्या वेळी कळू नये.

नमुना देतो. परीक्षक मराठी आहेत असं धरलंय. त्या तेलंगणातून किंवा कर्नाटकातून आल्या असतील तर हाच मजकूर इंग्रजीत लिहा, पण क्रम तोच ठेवा.

"आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. सोयाबीनमधील गंधक व्यवस्थापनावरच्या माझ्या प्रबंधाची मौखिक परीक्षा आपण घेतलीत. दुरुस्त्या पूर्ण होऊन प्रबंध जमा झाला, हे कळवण्यासाठी आणि आपले आभार मानण्यासाठी लिहीत आहे.

शून्य मात्रेच्या प्लॉटला खरंच शून्य गंधक गेलं का, असं आपण विचारलं होतं. सिंगल सुपर फॉस्फेटमधून सर्व प्लॉटना हेक्टरी सुमारे ५१ किलो गंधक गेलं होतं आणि मी ते हिशेबात घेतलं नव्हतं. आता साहित्य आणि पद्धती या प्रकरणात खताचा स्रोत आणि प्रत्येक प्लॉटला गेलेलं एकूण गंधक असा वेगळा तक्ता घातला आहे. शून्य मात्रेच्या प्लॉटमध्येही कापणीनंतरचं उपलब्ध गंधक सुरुवातीपेक्षा वाढलेलं दिसतं. हा आकडा आधीपासून माझ्या तक्त्यात होता, पण त्याचा अर्थ मी आपल्या प्रश्नानंतर लावला.

त्यामुळे मुख्य निष्कर्ष बदलला आहे. सोयाबीनने गंधकाला प्रतिसाद दिला नाही, असं मी आधी लिहिलं होतं. आता निष्कर्ष असा आहे की स्फुरदाची पूर्ण मात्रा सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिल्यास वरून दिलेल्या गंधकामुळे उत्पादनात लक्षणीय वाढ झाली नाही, आणि डीएपी वापरल्यास हा निष्कर्ष लागू धरू नये. डीएपीसोबत हाच प्रयोग घेण्याची आपली सूचना पुढील संशोधनाच्या दिशा या भागात नोंदवली आहे. बदललेली पानं सोबत जोडली आहेत.

आपण प्रबंध इतक्या बारकाईने वाचलात आणि परीक्षेच्या ताणातही मला विचार करायला वेळ दिलात, याबद्दल मनापासून आभारी आहे.

आपली नम्र,"

खाली नाव, पदवी, विभाग आणि महाविद्यालय. यापुढे काही नको.

या पत्रात दोन गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. पहिली, चूक सरळ वाक्यात मान्य केली आहे. "मी ते हिशेबात घेतलं नव्हतं" एवढंच पुरे. त्यापुढे "कारण प्रक्षेत्रावर त्या वेळी डीएपी उपलब्ध नव्हतं" असं लिहावंसं वाटेल आणि ते खरंही असेल. पण ते कारण आभाराच्या पत्रात आलं की पत्राचं रूप खुलाशाचं होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, हिला अजून तो प्रश्न लागलेला दिसतो. खताच्या निवडीचं कारण द्यायचंच असेल तर त्याची जागा साहित्य आणि पद्धती या प्रकरणात आहे, तिथे ते जरूर द्या.

दुसरी गोष्ट, "आपण मला उत्तीर्ण केलंत", "आपण सांभाळून घेतलंत", "सोपे प्रश्न विचारलेत" यातलं काहीही नाही. हे विद्यार्थी अगदी प्रेमाने लिहितात. पण परीक्षकाच्या कानाला ते वेगळं लागतं. प्रबंध मंजूर करणं ही त्याने केलेली मेहरबानी नाही, त्याने दिलेला निर्णय आहे. त्या निर्णयाबद्दल आभार मानले की निर्णय तुमच्या बाजूने झुकवला होता असं आपोआप सूचित होतं. आभार मानायचे ते वाचण्याच्या श्रमांचे आणि प्रश्नाचे. याच कारणाने पीएच.डी.च्या प्रवेशासाठी शिफारसपत्र, त्यांच्या प्रकल्पातली जागा, यांची विचारणा या पत्रात करू नका. ती हवी असेल तर काही काळाने स्वतंत्र पत्र लिहा. एकत्र आलं की आधीचा सगळा मजकूर त्या विनंतीची प्रस्तावना वाटू लागतो.

परीक्षकांनी सुचवलेलं सगळंच करता येतं असं नाही. डीएपी घेऊन प्रयोग पुन्हा करायचा तर आणखी एक खरीप लागेल, ते आता शक्य नाही. अशा वेळी "सर्व सूचना अमलात आणल्या" असं सरसकट वाक्य लिहू नका. जी सूचना करता आली नाही ती कुठे नोंदवली ते सांगा, नमुन्यात सांगितली आहे तशी. आणि एखादी सूचना तुम्हाला व गाईडना पटली नाही म्हणून घेतली नसेल तर पत्रात तिच्यावर वाद घालू नका, पण घेतली असंही म्हणू नका.

भेटवस्तूचं उत्तर थोडक्यात देतो: परीक्षकांना काहीही देऊ नका. व्हायव्हाच्या दिवशी विभागातर्फे पुष्पगुच्छ किंवा शाल-श्रीफळ दिलं जातं ती संस्थेची रीत असते, तिचा खर्च आणि निर्णय विभागाचा. परीक्षकांचा प्रवास आणि मानधन संस्थेकडून मिळतं. विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून जेवण, साडी, मिठाईचा मोठा डबा असं काही केलं तर मॅडमना ते नाकारताही येत नाही आणि घेतल्यावर चांगलंही वाटत नाही. कुणी सीनियर "असं करावंच लागतं" म्हणत असेल तर गाईडना विचारा. तुमच्या शिष्यवृत्तीतले पैसे यावर जाऊ देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. गावाकडून घरच्यांनी शेतातली तूर किंवा गूळ गाईडसाठी आणला तर गोष्ट वेगळी. तोही पदवीचा निकाल लागून गेल्यावर द्या.

गाईडच्या पत्राकडे येतो. इथे अडचण उलटी असते. परीक्षकांशी तुमची ओळख दोन तासांची, गाईडशी दोन वर्षांची. सांगायला इतकं असतं की विद्यार्थी नेमकं काही न सांगता थोर शब्दांचा आधार घेतात. "आभार मानून परकं करणार नाही, ऋणातच राहणं पसंत करेन" हे वाक्य मी इतक्या प्रबंधांच्या आभाराच्या पानावर वाचलं आहे की ते कुणाला उद्देशून आहे हे ओळखू येत नाही. प्रबंधातलं ते पान व्हायव्हाआधीच छापलेलं असतं, त्यात गाईडचा उल्लेख झालेला असतो. पुन्हा तेच पत्रात लिहिलं तर पत्राला अर्थ उरत नाही.

गाईडना लिहिताना एक किंवा दोन प्रसंग निवडा, ज्यात त्यांनी काही केल्यामुळे काम वाचलं किंवा तुमची विचार करायची पद्धत बदलली. तारीख आठवत असेल तर लिहा, नसेल तर पिकाची अवस्था लिहा, आपल्या विषयात तीच खरी तारीख असते. उदाहरणार्थ, शेंगा भरत असताना पावसाने प्लॉटच्या खुणेच्या पाट्या वाहून गेल्या, सरांनी आधीच आखणीचा नकाशा वहीत काढून घ्यायला लावला होता म्हणून प्लॉट ओळखता आले. किंवा मातीच्या अर्कातलं गंधक मोजताना बेरियम क्लोराइडचा गढूळपणा थोड्या वेळाने खाली बसतो, म्हणून प्रत्येक नमुना ठरल्या वेळात वाचायला हवा हे सरांनी शेजारी उभं राहून दाखवलं, आणि त्यामुळे पुनरावृत्तीचे आकडे जुळू लागले. असं एखादं वाक्य गाईडला वर्षानुवर्षं लक्षात राहतं. माझ्याकडे विद्यार्थ्यांची जी पत्रं जपून ठेवली आहेत त्या प्रत्येकात असा एखादा तपशील आहे, जो मी विसरून गेलो होतो आणि विद्यार्थ्याने लक्षात ठेवला होता.

व्हायव्हातल्या त्या प्रश्नाबद्दल गाईडना काय लिहायचं, हा नाजूक भाग आहे. प्रयोगाचा आराखडा त्यांनीही मंजूर केला होता, त्यामुळे सुपर फॉस्फेटची गोष्ट त्यांच्याही नजरेतून सुटली होती. पत्रात याचा ठपका येऊ नये आणि खोटं पांघरूणही नको. साधं लिहा:

"मॅडमनी गंधकाच्या स्रोताचा प्रश्न विचारला तेव्हा मी क्षणभर गडबडले होते. आपण मध्ये उत्तर न देता मला हिशेब मांडायला वेळ दिलात आणि नंतर दोन दिवस बसून चर्चेचं प्रकरण माझ्यासोबत पुन्हा वाचलंत. निष्कर्ष बदलायला आपण जराही कां-कू केली नाही, हे माझ्या कायम लक्षात राहील."

हे तुमच्या बाबतीत खरं असेल तरच लिहा. व्हायव्हात गाईडने विद्यार्थ्याच्या जागी उत्तर न देणं ही मोठी गोष्ट आहे, बाहेरून ती दिसत नाही आणि त्याबद्दल आभार क्वचितच मानले जातात. गाईडने मध्ये पडून उत्तर दिलं असेल तर या प्रसंगाऐवजी दुसरा निवडा.

गाईडना आभाराच्या पत्रासोबत एक गोष्ट द्यायलाच हवी, ती म्हणजे तुमचं काम पुन्हा वापरता येईल अशा अवस्थेत. प्रक्षेत्राच्या नोंदवह्या, प्लॉटचा नकाशा, प्रत्येक पुनरावृत्तीचे कच्चे आकडे असलेली एक्सेल फाइल, मातीचे उरलेले नमुने. नमुन्यांच्या पिशव्यांवर फक्त "टी-३ आर-२" लिहिलेलं असतं आणि वर्षभराने टी-३ म्हणजे काय हे कुणालाच माहीत नसतं. आत आणि बाहेर दोन्हीकडे चिठ्ठी असू द्या: वर्ष, हंगाम, पीक, प्लॉट, खोली, पेरणीपूर्वी की कापणीनंतर. एक्सेलमध्ये पहिल्या पानावर प्रत्येक स्तंभाचा अर्थ आणि एकक लिहा, आणि त्याच पानावर सिंगल सुपर फॉस्फेटमधून गेलेल्या गंधकाची नोंद ठळक करा. ही फाइल घेऊन उद्या कुणी नवा विद्यार्थी डीएपीचा प्रयोग करेल तेव्हा त्याला ती नोंद पहिल्यांदा दिसली पाहिजे. पत्राच्या शेवटी एका वाक्यात सांगा की हे सगळं कुणाकडे आणि कोणत्या कपाटात दिलं आहे.

शोधनिबंधावर नावांचा क्रम काय असावा, तो कोणत्या नियतकालिकाला पाठवायचा, हे या पत्रात नको. तो विषय समोरासमोर बसून ठरवा. पत्रात आलं तर गाईडना आभारांच्या आडून अट घातल्यासारखं वाटू शकतं.

समितीतल्या सदस्यांना पाच-सहा ओळी पुरतात, पण प्रत्येकाला त्यांच्या कामापुरत्या. सांख्यिकीच्या सरांनी फरक लक्षणीय नाही हे मान्य करायला लावलं असेल, सरासरी थोडी जास्त दिसते म्हणून "वाढ आढळली" लिहू दिलं नसेल, तर तेच लिहा. कृषिविद्येच्या सदस्यांनी विरळणीची वेळ सुचवली असेल तर ते लिहा. कुणी फक्त सही केली असेल तर त्यांच्या वेळेबद्दल दोन ओळींत आभार माना, नसलेलं योगदान शोधू नका.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी प्रयोगशाळेतले सहायक आणि प्रक्षेत्रावरचे मजूर यांचंही सांगतो. तुमचे सगळे आकडे त्यांच्या हातून आले आहेत. इंग्रजी प्रबंधातल्या आभाराच्या पानावर त्यांची नावं छापलेली असतात, पण ते पान त्यांच्यापर्यंत जात नाही. त्यांना पत्र नको, प्रत्यक्ष भेटा. ज्यांनी भर पावसात प्लॉट खुरपले, ज्या ताईंनी शेंगा मोजल्या, त्यांना या प्रयोगातून काय निघालं ते त्यांच्या भाषेत सांगा: सुपर फॉस्फेट पुरेसं टाकलं असेल तर वेगळं गंधक घेऊन फायदा दिसला नाही, डीएपी टाकत असाल तर हे धरू नका. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी सोयाबीन असतं, त्यांना हा निष्कर्ष तुमच्या परीक्षकांपेक्षाही जास्त उपयोगी आहे.

शेवटी एक व्यवहाराची बाब. परीक्षकांचं नाव प्रबंधातल्या आभाराच्या पानावर मागाहून घालू नका. ते मंजुरीच्या पानावर सहीसह आलेलंच आहे, आणि परीक्षा घेणाऱ्याचं नाव साहाय्य करणाऱ्यांच्या यादीत शोभत नाही. शोधनिबंध लिहाल तेव्हा मात्र निष्कर्षातला तो बदल मॅडमच्या प्रश्नामुळे झाला, हे निबंधाच्या आभारात नोंदवणं न्याय्य आहे. त्यासाठी हस्तलिखित पाठवण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या. नाव छापलं की निबंधातल्या मांडणीला त्यांची संमती आहे असा अर्थ निघतो, म्हणून परवानगी मागताना ज्या परिच्छेदात तो बदल आहे तो परिच्छेदही सोबत पाठवा.